एअरलाइनने फ्लाइट रद्द केली, कॅन्सल मात्र मी दाबलं: आता नेमके किती मागू?

*दादा, ७ फेब्रुवारीला सकाळी ६.५५ चं पुणे–नागपूर विमान होतं, मी, मिस्टर आणि सासूबाई. भाचीचा साखरपुडा होता. आदल्या रात्री ९.४० ला मेसेज आला की ऑपरेशनल कारणाने फ्लाइट रद्द. मी घाबरून, ज्या ॲपवरून बुकिंग केलं होतं तिथेच जाऊन कॅन्सल केलं आणि रात्रीच १६,००० ला गाडी ठरवून निघालो. भरले होते १५,८९४, परत आले २,१००. ॲपवाले म्हणतात एअरलाइनने एवढेच दिले, एअरलाइन म्हणते एजंटशी बोला. दोन महिने झाले. मिस्टर म्हणतात सोडून दे. कोणाकडे मागू आणि किती मागू?*
*— एक वाचक, चिंचवड*

ताई, मिस्टरांना सांगा एवढ्यात सोडू नका, १२,००० तर सरळसरळ तुमचे आहेत, आणि अजून थोडे मागता येतील ते वेगळे. कसे ते सांगतो. मी बारा वर्षं तिकिटाच्या काउंटरवर बसलोय, हा तुमच्यासारखा घोळ मी पलीकडच्या बाजूने शेकडो वेळा बघितलाय, त्यामुळे आधी घोळ कुठे झाला ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

तुम्ही ॲपवर जे कॅन्सल दाबलं ना, ते बटण "मला जायचं नाहीये" यासाठी असतं. ते दाबलं की सिस्टिमला वाटतं प्रवाशाने स्वतःहून तिकीट रद्द केलं, मग एअरलाइनचे कॅन्सलेशन चार्जेस कापले जातात, वर बुकिंगचं ॲप म्हणजे पोर्टल आपली फी कापतं, वर कूपनची सूट काढून घेतली जाते, आणि उरेल ते तुमच्या खात्यात येतं. आमच्या धंद्यात याला व्हॉलंटरी म्हणतात. आणि एअरलाइननेच फ्लाइट उडवली नाही तर ते इनव्हॉलंटरी, त्यात एक रुपया कापता येत नाही. तुमची केस शंभर टक्के दुसऱ्या प्रकारची आहे पण नोंद पहिल्या प्रकारची झालीये, भांडण फक्त एवढंच आहे. कॉल सेंटरवरची पोरं स्क्रीनवर "कॅन्सल्ड बाय कस्टमर" बघतात आणि तेच वाचून दाखवतात, ती खोटं बोलत नसतात, त्यांच्यासमोर तेवढंच असतं.

म्हणून तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे दोन वेळा. एअरलाइनचा मेसेज रात्री ९.४० चा, आणि ॲपवर तुम्ही कॅन्सल केल्याचा जो कन्फर्मेशन मेल आला असेल त्यावरची वेळ, ती नक्कीच त्याच्या नंतरची असणार. म्हणजे तुम्ही कॅन्सल केलं तेव्हा रद्द करायला फ्लाइटच उरली नव्हती! मेसेजचा स्क्रीनशॉट काढताना वरती पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख-वेळ दोन्ही दिसू द्या, नुसता मजकूर कापून पाठवू नका, लोक हमखास तेच करतात. आणि एअरलाइनला मेल करून त्या फ्लाइटचं कॅन्सलेशन सर्टिफिकेट मागा. बहुतेक एअरलाइन्स देतात, ऑफिसात किंवा इन्शुरन्सला दाखवायला लोक नेहमीच मागतात, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटत नाही. ते एकदा हातात आलं की "कस्टमरने रद्द केलं" हे वाक्य कोणाला रेटता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण बाकीचे वाचकही वाचतायत. वेळांचा क्रम उलटा असेल, म्हणजे धुकं पडणार, फ्लाइट बहुतेक जाणार नाही असं बातम्यांत ऐकून तुम्ही संध्याकाळीच रद्द केलं आणि एअरलाइनने रात्री रद्द केलं, तर हा मुद्दा लंगडा पडतो. तुम्ही रद्द केलं तेव्हा फ्लाइट चालू होती. त्यामुळे कितीही खात्री असली तरी एअरलाइनच्या मेसेजच्या आधी हात लावायचा नाही, आणि मेसेज आल्यावरसुद्धा त्यातल्या एअरलाइनच्या लिंकवरूनच रिफंड निवडायचा. त्या लिंकवर सहसा दोन पर्याय असतात, फुकटात दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे. दुसरी फ्लाइट घेऊन गेलात की रिफंड विसरा. आणि तिसरा गोड पर्याय दिसला, क्रेडिट शेल म्हणजे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच ठेवलेले पैसे, किंवा व्हाउचर, तर ते घ्यायचं की नाही हे ठरवणं पूर्णपणे प्रवाशाच्या हातात आहे, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या रिफंडच्या नियमात तसं लिहिलंय. तुम्हाला आता दोन महिन्यांनी कोणी "मॅडम, आम्ही व्हाउचर देतो" म्हटलं तर नको म्हणा.

आता आकडा. इथे बहुतेक जण गडबडतात, "माझे सगळे पैसे परत द्या" असं लिहितात आणि समोरच्याला दहा फाटे फोडायला जागा मिळते. तुम्ही पाठवलेलं बिल मी नीट लावून बघितलं. एका तिकिटाचं बेसिक भाडं इंधन अधिभारासकट ३,९००, त्यावर ५ टक्के जीएसटी १९५, आणि यूडीएफ, सिक्युरिटी फी वगैरे मिळून ७०५, झाले ४,८००. तिघांचे १४,४००. दोन सीट्स निवडल्या त्याचे ६००. पोर्टलची कन्व्हिनियन्स फी माणशी ३९९ प्रमाणे १,१९७. इन्शुरन्स माणशी १९९, म्हणजे ५९७. आणि बँकेच्या कार्डाचं कूपन लावून ९०० कमी झाले. गोळाबेरीज १५,८९४. बरोबर जुळतंय.

आणि परत आलेले २,१०० कुठून आले तेही बघा, कारण ते कळलं की पोर्टलने काय केलं ते कळतं. १४,४०० मधून एअरलाइनचे चार्जेस माणशी ३,५०० म्हणजे १०,५०० गेले, उरले ३,९००. पोर्टलची कॅन्सलेशन फी माणशी ३०० म्हणजे ९००, उरले ३,०००. कूपनचे ९०० वळते करून घेतले, उरले २,१००. सीटचे पैसे तर हिशोबातच धरले नाहीत. म्हणजे यांनी अगदी पुस्तकी व्हॉलंटरी कॅन्सलेशन लावलंय, कोणी काही लपवलं वगैरे नाही.

मग मागायचं काय? भाडं १४,४०० आणि सीटचे ६०० मिळून १५,०००. यातून कूपनचे ९०० तुम्हीच वजा करा, कारण ते तुमच्या खिशातून गेलेच नव्हते, ते मागितले तर तुमच्या पूर्ण आकड्यावरच शंका घेतली जाईल. उरले १४,१००. त्यातून मिळालेले २,१०० वजा. बरोबर १२,०००. हा आकडा पक्का, यावर तडजोड नाही.

कन्व्हिनियन्स फीचे १,१९७ वेगळ्या ओळीत मागा आणि फक्त पोर्टलकडे मागा, कारण ते पैसे एअरलाइनकडे गेलेलेच नाहीत. पोर्टलच्या अटींमध्ये ही फी परत मिळत नाही असं लिहिलेलं असतं, त्यामुळे मिळतील अशी खात्री देत नाही, पण मागायला काय जातंय. फक्त १२,००० मध्ये मिसळू नका. मिसळलं की ते म्हणणार "आकडा चुकीचा आहे, रिक्वेस्ट रिजेक्ट", आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. इन्शुरन्सचे ५९७ सोडा, ती पॉलिसी विमा कंपनीची आहे. उलट ती पॉलिसी उघडून बघा, काही पॉलिसींमध्ये विमान कंपनीने फ्लाइट रद्द केली तर ठरावीक रक्कम मिळते, मिळत असेल तर क्लेम तिकडे स्वतंत्र करा. सर्टिफिकेट तिथेही लागेल.

१६,००० च्या गाडीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. ते रिफंडमध्ये बसत नाही. रिफंड म्हणजे न मिळालेल्या सेवेचे भरलेले पैसे, बस्स. गाडीचं बिल जपून ठेवा, ड्रायव्हरला यूपीआयने दिले असतील तर ती नोंद ठेवा, प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलंच तर तिथे मागता येईल.

रिफंडपेक्षा वेगळी अशी एक रक्कम आहे जी बहुतेकांना माहीतच नसते, भरपाई. डीजीसीएचा नियम असा की फ्लाइट रद्द होणार हे एअरलाइनने किमान २४ तास आधी कळवलं नाही, तर रिफंडच्या वर भरपाई द्यावी लागते. रक्कम प्रवासाच्या वेळेवर ठरते: एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,०००, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५००, दोन तासांपेक्षा मोठ्या फ्लाइटला १०,०००, किंवा एका बाजूचं बेसिक भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. पुणे–नागपूर एक ते दोन तासांत मोडतं, पण तुमचं बेसिक ३,९०० आहे, ते ७,५०० पेक्षा कमी, म्हणून माणशी ३,९००, तिघांचे ११,७००. तुम्हाला मेसेज आला ९.४० ला आणि विमान होतं सव्वानऊ तासांनी, म्हणजे २४ तासांची अट एअरलाइनने पाळलेली नाही.

पण इथे दोन पाचर आहेत. पहिली, हवामान, एटीसी, दंगल, संप, सुरक्षेचा धोका अशा एअरलाइनच्या हाताबाहेरच्या कारणाने रद्द झालं असेल तर भरपाई नाही. (रिफंड तेव्हाही पूर्णच मिळतो, ही गल्लत करू नका, "पावसामुळे रद्द झालं म्हणून पैसे नाहीत" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.) तुमच्या मेसेजमध्ये नुसतं "ऑपरेशनल" लिहिलंय. या शब्दात काहीही बसतं, पायलट नाही, विमान बिघडलं, विमान दुसऱ्या रूटला पळवलं. म्हणून मेलमध्ये विचारा की नेमकं कारण काय, आणि ते लेखी द्या. दुसरी पाचर जास्त वाईट आहे: बुकिंग करताना प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई देणं लागत नाही. आणि काही एजंट एअरलाइनच्या सिस्टिममध्ये प्रवाशाच्या नंबरऐवजी स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतात, आमच्याकडे सर्रास चालायचं, का ते विचारू नका. तुम्हाला एअरलाइनचा मेसेज थेट तुमच्या मोबाइलवर आला म्हणजे तुमच्या बाबतीत नंबर बरोबर गेलाय, यात तुम्ही सुटलात.

ही ११,७०० ची मागणी करा, पण वेगळ्या मेलमध्ये. एकत्र केली की भरपाईच्या वादात रिफंडही लटकतो, आणि मग कोणीतरी फोन करून म्हणतं "मॅडम, मिटवून टाकू, सगळे मिळून आठ हजार देतो", आणि कंटाळलेला माणूस हो म्हणतो.

आता कोणाकडे मागायचं. एअरलाइनने "एजंटशी बोला" म्हणणं नियमात बसत नाही. तिकीट एजंट किंवा पोर्टलवरून काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच, कारण एजंट हा एअरलाइननेच नेमलेला प्रतिनिधी असतो, हे डीजीसीएने नियमातच लिहून ठेवलंय. त्याला मुदतही आहे, २०१६ च्या नियमात ती ३० कामाचे दिवस होती, तुमचे दोन महिने त्याच्याही पुढे गेलेत. पण प्रत्यक्षात पैसे कसे फिरतात ते माहीत असलं तर तुम्हाला योग्य प्रश्न विचारता येतो. तुम्ही पोर्टलला पैसे दिले, पोर्टलने एअरलाइनकडच्या आपल्या वॉलेटमधून तिकीट काढलं, रिफंड होतो तो त्याच वॉलेटमध्ये, आणि तिथून पोर्टल तुमच्या कार्डावर सोडतं. म्हणजे पैसा तीन ठिकाणी अडकू शकतो: एअरलाइनने वॉलेटमध्ये टाकलाच नाही, किंवा टाकला पण पोर्टलने पुढे सोडला नाही, किंवा सोडला आणि बँकेत लोंबकळतोय.

म्हणून एअरलाइनला विचारायचा प्रश्न "माझे पैसे कुठे आहेत" हा नाही, तर "या पीएनआरवर तुम्ही एजंटला किती रुपये, कोणत्या तारखेला परत केले" हा आहे. हे त्यांच्या स्क्रीनवर दिसतं आणि सांगायला त्यांची हरकत नसते. उत्तर ३,९०० आलं तर चूक अजून एअरलाइनच्या नोंदीत आहे, पोर्टलने त्यांच्याकडून इनव्हॉलंटरी करून घ्यायला हवं. उत्तर १५,००० आलं तर पोर्टल तुमच्या पैशावर बसलंय, आणि तो मेल हातात असला की पोर्टलची भाषा दोन दिवसांत बदलते.

आणि हो, सगळ्यात आधी हे करा: पैसे भरले कोणाच्या कार्डाने? मिस्टरांच्या क्रेडिट कार्डाने असतील तर त्यांचं फेब्रुवारी ते एप्रिलचं स्टेटमेंट ओळ न् ओळ बघा. रिफंड ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने येतो, तुमच्या खात्यात येणार नाही. माझ्याकडे एक काकू तीन महिने भांडत होत्या आणि पैसे मुलाच्या कार्डावर आठव्या दिवशीच आले होते, मुलाने बघितलंच नव्हतं.

आता मेल. एकच मेल, एअरलाइनच्या कस्टमर केअरला आणि पोर्टलला दोघांना एकत्र, आणि एअरलाइनच्या नोडल ऑफिसरला सीसी. नोडल ऑफिसरचा ईमेल एअरलाइनच्या साइटवर असतो, तळाशी बारीक अक्षरात. दोघांना एकत्र पाठवायचं कारण असं की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की ते दुसऱ्याला दिसतं, मग बोट दाखवणं जरा अवघड होतं. इंग्रजीत लिहा, पण मजकूर आणि क्रम असाच ठेवा:

> विषय: पीएनआर Q7XK4M, पुणे–नागपूर, ७ फेब्रुवारी, एअरलाइनने रद्द केलेली फ्लाइट, बाकी रिफंड रु. १२,०००
>
> एअरलाइन पीएनआर: Q7XK4M. पोर्टल बुकिंग आयडी: (तिकिटावरचा). फ्लाइट नंबर: (तिकिटावरचा). सुटण्याची वेळ: ७ फेब्रुवारी, सकाळी ६.५५. प्रवासी: तिघांची नावं, तिकिटावर आहेत तशीच.
>
> ६ फेब्रुवारीला रात्री ९.४० वाजता एअरलाइनने मेसेज पाठवून ही फ्लाइट रद्द केली (स्क्रीनशॉट जोडला आहे). त्यानंतर पोर्टलवर मी बुकिंग रद्द केलं (कन्फर्मेशन मेल जोडला आहे, त्यावरची वेळ पाहावी). रद्द झालेल्या फ्लाइटवर प्रवाशाचे कॅन्सलेशन चार्जेस लावले गेले आहेत, ते चूक आहे. नोंद इनव्हॉलंटरी अशी दुरुस्त करावी.
>
> भाडं व कर रु. १४,४००, अधिक सीट रु. ६००, वजा सवलत रु. ९००, वजा मिळालेली रक्कम रु. २,१००. येणे बाकी रु. १२,०००.
>
> पोर्टलकडून स्वतंत्रपणे: कन्व्हिनियन्स फी रु. १,१९७.
>
> एअरलाइनने या पीएनआरवर एजंटला किती रक्कम कोणत्या तारखेला परत केली ते कळवावं. रक्कम मूळ कार्डावरच हवी, व्हाउचर नको. १५ दिवसांत उत्तर न आल्यास एअरसेवा आणि ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करेन.

एवढंच. साखरपुडा, सासूबाईंची गुडघेदुखी, रात्रभरचा प्रवास, काही लिहायचं नाही, मला कळतंय लिहावंसं वाटतं पण ते वाचणाऱ्या माणसाला फक्त पीएनआर, दोन वेळा आणि आकडा हवा असतो, बाकी मजकूर असला की तो "फीडबॅक" म्हणून दुसऱ्याच विभागाकडे जातो, खरंच सांगतो. कार्डाचा पूर्ण नंबर, सीव्हीव्ही कुठेही देऊ नका, शेवटचे चार आकडे पुरतात. आणि एअरलाइनचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, रिफंडच्या नावाखाली फसवणारे नेमके तिथेच नंबर टाकून बसलेले असतात. रिफंड द्यायला कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही, ना कुठलं ॲप टाकायला लागतं.

उत्तर काय येतं त्यावर पुढचं. "ॲज पर फेअर रूल्स" असं छापील उत्तर आलं तर समजा कोणी जोडलेली कागदपत्रं उघडलीच नाहीत, त्याच मेलवर रिप्लाय करा, नवा मेल सुरू करू नका, साखळी तुटली की सगळं परत सांगायला लागतं. "रिफंड प्रोसेस्ड" असं आलं आणि खात्यात काही नसेल तर त्यांच्याकडून एआरएन मागा. कार्डाच्या रिफंडला २३ आकडी एआरएन असतो, यूपीआयला १२ आकडी आरआरएन. पैसे खरंच सोडले असतील तर हा नंबर त्यांच्याकडे असतोच, आणि तो तुम्ही बँकेला दिलात की बँक शोधून काढते. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा की सोडलेलेच नाहीत. क्रेडिट कार्ड असेल तर बँकेकडे चार्जबॅकही टाकता येतो, सेवा मिळाली नाही म्हणून, पण त्याची मुदत असते आणि तुमचे दोन महिने आधीच गेलेत, तेव्हा १५ दिवस वाट बघत बसू नका, मेल पाठवला त्याच दिवशी बँकेला फोन करून विचारा.

पंधरा दिवस कोरडे गेले तर एअरसेवा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल आहे, ॲपही आहे, तिथे तक्रार एअरलाइनच्या नावाने टाका, हाच मेल चिकटवा. बुकिंग पोर्टलच्या विरोधात मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, मोठी बुकिंग पोर्टलं तिथे जोडलेली आहेत आणि माझा अनुभव असा की पोर्टलवाले कस्टमर केअरला जे उत्तर देत नाहीत ते तिथे देतात. दोन्हीकडे तक्रारीचा नंबर मिळतो, तो त्याच मेलच्या साखळीत टाकायचा.

त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. घाबरायचं काही नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते, आणि २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एअरलाइनचं ऑफिस दिल्लीत असलं तरी तुम्ही पुण्यातच. मुदत दोन वर्षं. तिथे १२,००० बरोबर ११,७००, गाडीचे १६,००० आणि त्रासाबद्दल काही रक्कम हे सगळं मागता येतं, मिळेल किती ते आयोग ठरवणार. वेळ मात्र लागतो, महिने जातात, तेव्हा हे शेवटचं.

जाता जाता रेल्वेचं सांगतो, कारण हीच चूक लोक तिथे उलटी करतात. रेल्वेने अख्खी गाडीच रद्द केली तर ई-तिकिटाचा रिफंड आपोआप येतो, काही दाबायचं नाही, फक्त कन्व्हिनियन्स फी परत येत नाही. पण गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर तिथे गप्प बसून चालत नाही, टीडीआर म्हणजे रिफंडचा अर्ज भरावा लागतो आणि तोही गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत. मी स्वतः एकदा "घरी जाऊन निवांत भरू" म्हणून रिक्षा पकडली, घरी पोचून चहा ठेवला, गाडी तेवढ्यात येऊन गेली आणि टीडीआर काही स्वीकारला गेला नाही. तिकिटाच्या धंद्यातला माणूस, आणि ही अवस्था. बायको अजून काढते तो विषय.

तर ताई, आज संध्याकाळी आधी मिस्टरांचं स्टेटमेंट, मग त्या कॅन्सलेशनच्या मेलवरची वेळ. ती ९.४० च्या नंतरची दिसली की मेल पाठवून द्या, आणि एअरलाइनने एजंटला किती दिले त्याचं उत्तर आलं की मला कळवा, ३,९०० की १५,००० यावर पुढचा मेल कोणाला जाणार ते ठरेल.